चिंच संपली, लिंबू आहे: आमटीत किती घालायचं आणि कधी

डाळ शिजून तयार आहे, फोडणीचं तेल तापतंय आणि चिंचेची बरणी रिकामी निघाली, तर घरातलं कुणीही सांगतं, "लिंबू पिळ की!" हा सल्ला चूक नाही, फक्त अर्धा आहे. चिंचेऐवजी लिंबू पिळलं की आमटी आंबट होते, पण चिंचगुळाची आमटी होत नाही. ती पातळ वाटते, पिवळी दिसते, गोडा मसाला चवीत मिसळून न जाता वेगळा जाणवतो, आणि गूळ नेहमीएवढाच घातलेला असूनही आंबटपणा जिभेला टोचतो. ही चार गाऱ्हाणी वेगवेगळी आहेत. त्यांची कारणंही वेगळी आहेत, त्यामुळे नुसतं लिंबू कमी-जास्त करून ती सुटत नाहीत.

घरात नसलेल्या जिनसाला पर्याय शोधताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: तसंच आंबट काय आहे, किंवा तसंच गोड काय आहे? त्याऐवजी तो जिन्नस या पदार्थात कोणकोणती कामं करतो हे पाहिलं तर उत्तर सहज सापडतं. हे एकाच पदार्थावर नीट करून पाहू: चार जणांना पुरेल अशी चिंचगुळाची आमटी. पाऊण वाटी तूरडाळ, सगळं मिळून साधारण पाच वाट्या आमटी, त्यात सुपारीएवढी चिंच, तेवढाच गूळ आणि दीड-दोन चमचे गोडा मसाला. यापुढे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा, साधारण ५ मिलिलिटरचा.

चिंच आमटीला काय काय देते

पहिली गोष्ट अर्थातच आंबटपणा. चिंचेत तो मुख्यतः टार्टारिक आम्लामुळे येतो. इतर बरीच फळं पिकताना त्यांच्यातलं आम्ल कमी होत जातं. चिंच मात्र पिकून गोड झाली तरी आंबटच राहते. बिया आणि शिरा काढलेल्या चिंचेच्या गरात साधारण दहावा हिस्सा, कधी त्याहून थोडं जास्त आम्ल असतं.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे साखर. त्याच गरात जवळजवळ एक तृतीयांश भाग फळातली नैसर्गिक साखर असते. चिंच तोंडात धरली की सुरुवातीला दात आंबतात आणि मागून गोडसर चव येते, ती यामुळेच. म्हणजे आमटीत चिंच घालताना आपण नकळत थोडी गोडीही घालत असतो आणि उरलेली कसर गूळ भरून काढतो.

तिसरी गोष्ट म्हणजे गर. चिंचेत पेक्टिन असतं, म्हणजे ज्याच्यामुळे जॅम आणि मुरांबे आळतात तो पदार्थ. कोळ बोटांना जरा चिकट, दाटसर लागतो तो त्यामुळे. आमटी उकळताना हा गर डाळीबरोबर एकजीव होतो आणि पाण्यावर डाळ खाली बसून राहत नाही.

चौथा तो तपकिरी रंग आणि त्याच्याबरोबर येणारी खोल, किंचित भाजल्यासारखी चव. चिंच जितकी जुनी तितकी ती काळी आणि तिची चव गडद. गोड्या मसाल्यातलं भाजलेलं खोबरं, तीळ, दगडफूल यांची चव याच जातीची असल्यामुळे ती चिंचेत सहज मिसळते.

काही घरांत चिंच वर्षभर टिकावी म्हणून मीठ लावून भरतात. तुमच्याकडे अशी चिंच असेल तर आमटीत मीठही तिच्यातून येतं, आणि लिंबू वापरलं की आमटी अळणी लागते. अशा वेळी आधी मीठ पाहावं. पुष्कळदा आंबटपणाच कमी पडला असं वाटून आपण आणखी लिंबू पिळत राहतो.

लिंबू यातलं फक्त पहिलं काम करतं. आंबटपणा देतं आणि वर स्वतःचा एक ठळक वास आणतं, जो चिंचेला नसतो. बाकीची कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात.

किती लिंबू

इथे थोडा हिशेब करू, कारण "अंदाजानं पिळा" म्हटलं की पहिल्यांदा करणाऱ्याचा अंदाज हमखास चुकतो.

सुपारीएवढी स्वच्छ केलेली चिंच साधारण १२ ग्रॅम भरते. तिच्यातून सव्वा ग्रॅमच्या आसपास आम्ल आमटीत उतरतं. लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के सायट्रिक आम्ल असतं, म्हणजे तेवढंच आम्ल मिळवायला २० मिलिलिटर रस लागेल. म्हणजेच चार चमचे. टार्टारिक आणि सायट्रिक या दोन्ही आम्लांचा आंबटपणा वजनाला वजन जवळपास सारखा असल्यामुळे हा हिशेब चालतो.

चार चमचे रस म्हणजे किती लिंबं, हे मात्र लिंबावर अवलंबून आहे. पातळ सालीचं, रसाळ कागदी लिंबू एकटं तेवढा रस देतं. उन्हाळ्यातली वाळकी, कडक लिंबं दोन पिळली तरी तेवढा रस निघत नाही. म्हणून पर्याय म्हणून वापरताना लिंबं मोजू नयेत, रस चमच्यानं मोजावा.

तरीही सुरुवात चारऐवजी तीन चमच्यांनीच करावी. चिंचेबरोबर साधारण ४ ग्रॅम साखर येत होती, म्हणजे जवळपास एक लहान चमचा. ती लिंबाबरोबर येत नाही. शिवाय दाट आमटीत आंबटपणा जिभेवर हळू पसरतो, पातळ आमटीत तो थेट लागतो. या दोन्हींमुळे तेवढंच आम्ल लिंबातून आलं तर जास्त झोंबतं. तीन चमचे रस, आणि नेहमीच्या गुळावर आणखी एक चमचा किसलेला गूळ, एवढं केलं की आंबट-गोडाचा तोल बराचसा मूळ जागेवर येतो. चौथा चमचा चव पाहून घालायचा.

चव पाहण्यातही एक खोच आहे. उकळत्या आमटीत जीभ भाजते आणि आंबट-गोड नीट कळत नाही. डावभर आमटी वाटीत काढून, थोडी निवू देऊन, दोन शितं भाताबरोबर चाखावी. भाताबरोबर आंबटपणा बराच मवाळ होतो; नुसती चाखून बेतलेली आमटी पानात पडल्यावर मिळमिळीत लागते.

कधी घालायचं

चिंचेचा कोळ डाळ शिजल्यावर घालतात आणि मग आमटी चांगली उकळतात. यात दोन वेगळे नियम आहेत, आणि लिंबाला त्यांतला एकच लागू पडतो.

डाळ शिजण्याआधी आंबट घालायचं नाही, हा पहिला. डाळीच्या दाण्यातल्या पेशी पेक्टिननं एकमेकींना धरून असतात. गरम पाण्यात हे पेक्टिन विरघळतं तेव्हा दाणा फुटतो आणि डाळ मऊ होते. पाणी आंबट असेल तर पेक्टिन लवकर सुटत नाही. मग डाळ कितीही उकळली तरी कणी लागते. बटाट्याचं आणि हरभऱ्याचंही हेच होतं. रश्शातला बटाटा अर्धा तास शिजवूनही टणक राहिला तर बहुतेक वेळा चिंच किंवा टोमॅटो आधी पडलेला असतो. पर्याय कुठलाही वापरा, लिंबू, आमसूल, कैरी, हा नियम बदलत नाही. डाळ बोटानं चिरडून पाहावी आणि मगच आंबटाकडे वळावं.

आंबट घातल्यावर उकळायचं, हा दुसरा नियम चिंचेचा आहे. उकळल्यानं तिचा कच्चट वास जातो, गर डाळीत मिसळतो. लिंबाचं उलट आहे. लिंबाचं आम्ल वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे उकळल्यानं आंबटपणा कमी होतो हा समज चुकीचा आहे. वाफेबरोबर जातो तो वास, आणि मागे राहतो कोरडा आंबटपणा. भरीला कडवटपणा येऊ शकतो. लिंबाच्या बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या पापुद्र्यात कडू घटक असतात. पातेल्यावर धरून लिंबू जोरात पिळलं की हे सगळं रसाबरोबर उतरतं आणि उष्णतेनं कडवटपणा वाढतो. पिळून बराच वेळ ठेवलेला रसही कडवट होतो. म्हणून रस आयत्या वेळी पिळावा, हलक्या हातानं पिळावा आणि गाळणीतून गाळून घ्यावा.

मग लिंबू गॅस बंद केल्यावरच घालायचं का? साध्या वरणाला, फोडणीच्या वरणाला, मूगडाळीला, हो. तिथे लिंबाचा ताजा वास हवाच असतो. चिंचगुळाच्या आमटीला मात्र मी रस दोन भागांत घालते. निम्मा रस गॅस बंद करण्याच्या मिनिटभर आधी, म्हणजे त्याचा वरवरचा वास थोडा उडून जातो आणि गोड्या मसाल्याशी भांडत नाही. उरलेला गॅस बंद केल्यावर. गाळलेला रस मिनिटभराच्या उकळीनं कडू होत नाही. पंधरा मिनिटं रटरटू दिलात तर मात्र फरक कळेल.

याचाच पुढचा भाग उरलेल्या आमटीचा. चिंचेची आमटी संध्याकाळी पुन्हा उकळली की जास्तच मुरते. लिंबाची पुन्हा उकळली की वास जातो आणि चव उतरते. आमटी दोन वेळची करायची असेल तर अर्धी आधीच बाजूला काढावी आणि तिला आंबट संध्याकाळी लावावं.

आता तीच आमटी, लिंबाची

पाऊण वाटी तूरडाळ हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब घालून मऊ शिजवून घ्यायची. चिंचेच्या आमटीला आपण डाळ जरा हाटून सोडून देतो. इथे मात्र रवीनं चांगली घोटायची, कारण चिंचेच्या गराचं काम आता डाळीलाच करायचं आहे. पाणीही नेहमीपेक्षा पाव ते अर्धी वाटी कमी घालायचं. चिंचेबरोबर अर्धी वाटी कोळाचं पाणी येत होतं हे विसरू नये. तेवढं साधं पाणी घालायची सवय हाताला असते, आणि लिंबाची आमटी पाणचट होण्याचं हे एक साधं कारण आहे.

फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद, तिखट. त्यावर घोटलेली डाळ आणि गरम पाणी. उकळी आली की मीठ, गोडा मसाला आणि गूळ. गूळ नेहमीचा सुपारीएवढा आणि वर एक चमचा. घरात खजूर असेल तर जास्तीच्या चमचाभर गुळाऐवजी दोन खजूर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, बोटानं कुस्करून घालावेत. खजुराबरोबर गोडी, गर आणि तपकिरी रंग हे तिन्ही येतात, म्हणजे लिंबात जे नव्हतं ते जवळपास सगळं. माझ्या मते लिंबाला जोडीदार म्हणून खजुरासारखा दुसरा जिन्नस आपल्या स्वयंपाकघरात नाही. भेळेची चिंच-खजुराची चटणी इतकी जमून येते, त्याचंही कारण हेच आहे की हे दोन गर एकमेकांत सहज मिसळतात.

आमटी सात-आठ मिनिटं मंद आचेवर उकळली, मसाल्याचा तवंग वर आला, की दीड चमचा रस घालायचा, मिनिटभर थांबायचं आणि गॅस बंद करायचा. मग आणखी दीड चमचा. ढवळून, झाकून पाच मिनिटं ठेवायची आणि त्यानंतर चव पाहायची. झोंबत असेल तर आधी चिमूटभर मीठ घालून पाहावं, मग गूळ. नुसती आंबट लागून पोकळ वाटत असेल तर लिंबू वाढवून उपयोग नाही. आमटी पातळ झाली आहे. थोडी डाळ वाटीत घोटून परत घालावी. रंग पिवळसर राहील. तो आम्लामुळे बिघडलेला नसतो, हळद आंबटात पिवळीच राहते. फक्त चिंचेचा तपकिरी रंग तिथे नसतो. चवीत तो दोष नाही.

खरं म्हणजे आमसूल

घरात लिंबू आणि आमसूल दोन्ही असतील तर गोड्या मसाल्याच्या आमटीला मी आमसूलच निवडीन, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत तो पर्याय नसून मूळ रीतच आहे. आमसूल म्हणजे कोकमाची वाळवलेली साल. तिच्यातलं आम्ल हे सायट्रिक आम्लाचं जवळचं भावंड, पण तिला लिंबासारखा चढा वास नसतो, ती उकळायला चालते आणि रंगही गडद देते. पाच वाट्या आमटीला चार-पाच आमसुलं पुरतात. डाळ उकळत असतानाच टाकायची आणि पाच-सात मिनिटं उकळू द्यायची.

दोन सावधगिऱ्या. आमसुलं वाळवताना पुष्कळदा मीठ लावलेलं असतं, तेव्हा आमटीतलं मीठ शेवटी चव पाहून घालावं. आणि आमसूल एकदम आंबट होत नाही, ते सोडत राहतं. दुपारी नेमकी जमलेली आमटी रात्री दात आंबवते. जेवण झाल्यावर उरलेल्या आमटीतून आमसुलं काढून टाकावीत. गोडी आणि गर मात्र आमसुलातूनही फारसे येत नाहीत, त्यामुळे जास्तीचा चमचाभर गूळ आणि घोटलेली डाळ इथेही लागतेच.

बाकीच्या आंबटांचं थोडक्यात सांगते. कैरीच्या दिवसांत अर्ध्या लहान कैरीच्या फोडी शिजलेल्या डाळीत टाकाव्यात. त्या विरघळून थोडा दाटपणाही देतात. आमचूर दीड-दोन चमचे, आधी पाण्यात कालवून, नाहीतर गुठळ्या होतात. टोमॅटोत आम्ल फारच कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. चिंचेएवढा आंबटपणा हवा तर पाव किलो टोमॅटो घालावे लागतील आणि मग ते टोमॅटोचं सार होईल. चवीला छान, पण वेगळा पदार्थ. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूफूल, म्हणजे शुद्ध सायट्रिक आम्लाचे खडे, पाव चमचा पुरतं. ते घालून पाहिलं की आमटीत नुसतं आम्ल किती कोरडं लागतं हे लगेच कळतं. ताक मात्र तूरडाळीच्या उकळत्या आमटीत ओतू नये. उष्णतेनं त्यातलं प्रथिन घट्ट होऊन पाणी वेगळं पडतं. कढीत ते फाटत नाही कारण तिथे आधी बेसन लावून, मंद आचेवर, सतत ढवळत गरम करतो.

जिथे लिंबू चालत नाही

अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. घशाला खाज येते ती त्यांनी टोचल्यामुळे. अळू आंबटाबरोबर शिजवल्यानं ही खाज कमी होते हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, म्हणूनच फदफद्यात चिंच किंवा ताक असतं आणि अळूवडीच्या पिठात चिंचेचा कोळ. इथे आंबट हे चवीपुरतं नाही आणि ते पानांबरोबर शिजायला हवं. वाढताना वरून पिळलेलं लिंबू हे काम करू शकत नाही. चिंच नसेल तर फदफद्याला बेसन लावलेलं ताक किंवा आमसूल घ्यावं आणि भाजी पूर्ण शिजवावी. अळूवडीच्या पिठात आमचूर किंवा आमसुलाचं दाट पाणी चालतं. लिंबाचा रस घातला तर पीठ सैल होतं आणि पानावरून घसरतं.

पंचामृतातही तेच. तिळाचं आणि दाण्याचं कूट, मिरच्या, गूळ यांना धरून ठेवणारा चिंचेचा दाट कोळ हाच त्या पदार्थाचा कणा आहे. लिंबाच्या रसात कूट आणि पाणी वेगळे दिसतात, आणि दोन-चार दिवस ठेवून खायचा पदार्थ दुसऱ्याच दिवशी उतरलेला लागतो. चिंच नसेल त्या दिवशी पंचामृत न केलेलं बरं.

आणि गूळ संपला असेल तर

आमटीत गुळाऐवजी साखर घालणं सोपं आहे. गुळात साखरेशिवाय थोडं पाणी आणि क्षार असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाची साखर किंचित जास्त गोड लागते. सुपारीएवढ्या गुळाला दोन सपाट चमचे साखर पुरते. गुळाचा खमंगपणा मात्र जातो. तो थोडा तरी हवा असेल तर फोडणीच्या तेलात मोहरीच्या आधी अर्धा चमचा साखर टाकून ती बदामी होऊ द्यावी आणि लगेच पुढची फोडणी करावी. बदामीची काळी व्हायला क्षणही लागत नाही, आणि काळी झालेली साखर कडू लागते. तसं झालं तर तेल ओतून देऊन नवीन घ्यावं.

उलट बाजू अवघड आहे, म्हणजे साखरेच्या जागी गूळ. शिऱ्यात, लाडवात, पुरणात फारसं काही बिघडत नाही, कारण तिथे दूध मुख्य नसतं. अडचण येते खिरीत आणि चहात. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटतं, आणि कधी कधी फाटत नाही, त्यामुळे लोक गोंधळतात. गूळ किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात क्षार असतात. दुधातलं प्रथिन गरम असताना आम्ल आणि क्षार दोन्हींना हळवं असतं. पुरेसं गरम दूध आणि पुरेसा आंबट गूळ एकत्र आले की ते गोळा होऊन पाण्यापासून सुटतं. गूळ किती आंबट हे उसावर, गुऱ्हाळात रस निवळताना किती चुना घातला त्यावर आणि गूळ किती जुना आहे त्यावर ठरतं. म्हणून एका ढेपेच्या गुळानं दूध फाटतं आणि दुसऱ्या ढेपेच्या गुळानं फाटत नाही.

नवा गूळ आणला की त्याची परीक्षा घ्यायला दोन मिनिटं पुरतात. छोट्या कढल्यात चार चमचे दूध उकळायचं, त्यात अर्धा चमचा गूळ टाकून ढवळायचं. कडेला बारीक कण दिसले, चमच्याच्या पाठीवर दूध रवाळ दिसलं, तर तो गूळ उकळत्या दुधात घालायचा नाही.

असा गूळ असेल तर अर्धा लिटर दुधाच्या शेवयांच्या खिरीला पाऊण वाटी चिरलेला गूळ पाव वाटी पाण्यात विरघळवून एक उकळी आणावी आणि गाळून घ्यावा. गुळातली रेती आणि काड्याही इथेच निघतात. खीर पूर्ण शिजवून, गॅस बंद करून, बोट सहज बुडवता येईल इतकी निवू द्यावी. गुळाचं पाणीही निवलेलं हवं. मग ते थोडं थोडं ओतत ढवळावं. साखर घातलेल्या खिरीपेक्षा ही पातळ होते, त्यामुळे दूध आधीच जरा जास्त आटवून ठेवावं. वेलदोड्याबरोबर जायफळ घातलं तर गुळाला जास्त शोभतं.

मधुमेह असलेल्यांसाठी कुणी साखर काढून गूळ घालत असेल तर एक स्पष्ट सांगायला हवं: गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि तो रक्तातली साखर वाढवतोच. हा बदल चवीचा आहे, पथ्याचा नाही.

चहाची गोष्ट खिरीहून सोपी. पाणी, चहाची पूड, आलं आणि गूळ एकत्र उकळून कोरा चहा करावा. दूध दुसऱ्या भांड्यात वेगळं गरम करावं, तेही उकळतं नको. कोरा चहा कपात गाळून वरून दूध घालावं आणि पुन्हा गॅसवर ठेवू नये. थंड झाला तर नवा करावा; गुळाचा दुधाळ चहा दुसऱ्यांदा उकळला की फाटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. खिरीचंही तसंच आहे. उरलेली गुळाची खीर फ्रीजमधून काढून थंडच खावी, किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून कोमट करावी.